कॅशबॅक आला नाही, तर ग्राहकाला उत्तर कसं लिहावं?

प्रश्न : आमचं घरगुती उपकरणांचं दुकान आहे आणि ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं मी लिहिते. दिवाळीत क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी खरेदी केल्यास १० टक्के कॅशबॅक, अशी एका बँकेची ऑफर होती. जानेवारी लागल्यापासून ‘कॅशबॅक कुठे आहे?’ असे मेसेज रोज येतात. मी उत्तर पाठवते ते असं : ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. अटी व शर्तींच्या अधीन राहून पात्र व्यवहारांवरील कॅशबॅक ९० दिवसांत जमा होईल. कृपया प्रतीक्षा करावी.’ यात चुकीचं तर काही नाही, पण हे वाचून ग्राहक जास्तच चिडतात. असं का होतं आणि हे उत्तर कसं बदलावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं कोडं थोडक्यात असं आहे. उत्तर खरं आहे, भाषा नम्र आहे, तरी भांडण वाढतं. कारण साधं आहे. ग्राहकाच्या मनात तीन प्रश्न असतात : मला मिळणार का, किती मिळणार, कधी मिळणार. तुमच्या मजकुरात पात्रतेचा आणि मुदतीचा उल्लेख आहे, रकमेचा नाही आणि त्याच्या स्वतःच्या खरेदीबद्दल तर एकही शब्द नाही. ‘पात्र व्यवहार’ म्हणजे माझा व्यवहार त्यात आला की नाही? ‘९० दिवस’ कधीपासून? हे त्यालाच शोधावं लागतं आणि तो शोधतो ते बहुतेक वेळा चुकीचं निघतं.

एक उदाहरण घेऊन सगळा हिशोब मांडू. समजा, ऑफर १ ते ३१ ऑक्टोबर २०२५ अशी होती. अटी अशा : कार्डावर एका वेळी किमान २०,००० रुपये भरायचे, ते दुकानातच हप्त्यांवर घ्यायचे, एका कार्डाला जास्तीत जास्त २,००० रुपये मिळणार आणि ऑफर संपल्यापासून ९० दिवसांत रक्कम जमा होणार. एका गृहस्थांनी धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, ३२,००० रुपयांचा फ्रिज घेतला. जुन्या फ्रिजचे ४,००० वजा झाले. उरलेल्या २८,००० पैकी ५,००० त्यांनी यूपीआयने दिले आणि २३,००० कार्डावर. १९ जानेवारीला त्यांचा मेसेज आला : ‘९० दिवस उलटून गेले. माझे ३,२०० रुपये कुठे आहेत?’

आता पाहा, एका मेसेजमध्ये दोन गैरसमज आहेत.

पहिला तारखेचा. त्यांनी खरेदीच्या दिवसापासून ९० दिवस मोजले, ते १६ जानेवारीला संपतात. अटीत मात्र ऑफर संपल्यापासूनचे ९० दिवस आहेत. ३१ ऑक्टोबरपासून मोजलं, तर मुदत २९ जानेवारीला संपते. म्हणजे त्यांनी लिहिलं तेव्हा दहा दिवस शिल्लक होते. यात त्यांना दोष देता येत नाही, कारण तुमच्या उत्तरात मोजणी कुठून सुरू होते हे सांगितलेलंच नाही. अटींत ‘कामकाजाचे दिवस’ असं लिहिलं असेल, तर हिशोब आणखी लांबतो. म्हणून आधी अटींचा कागद नीट वाचा, कॅलेंडर घेऊन तारीख काढा आणि ग्राहकाला दिवसांचा आकडा देण्याऐवजी ती तारीखच द्या.

एवढा वेळ का लागतो, हेही ग्राहकाला एका ओळीत सांगावं. आज माल घेऊन चार दिवसांनी परत करणारेही असतात. त्यामुळे बँक ऑफर संपू देते, रद्द झालेले आणि परत केलेले व्यवहार वगळते, एकाच कार्डावर दोनदा लाभ गेला नाही ना हे पाहते आणि मग रक्कम जमा करते. कारण कळलं की वाट पाहणं सोपं जातं.

दुसरा गैरसमज रकमेचा. त्यांनी ३२,००० चे १० टक्के काढले. पण हा कॅशबॅक बँक देते आणि तिच्या कार्डावर जेवढी रक्कम पडली तेवढीच ती धरते. एक्स्चेंजचे ४,००० आणि यूपीआयचे ५,००० तिच्या हिशोबात येतच नाहीत. उरले २३,०००. त्याचे १० टक्के २,३०० होतात, पण कमाल मर्यादा २,००० असल्यामुळे मिळणार २,०००. हा हिशोब एकदा आकड्यांत लिहून दिला की वाद तिथेच मिटतो. ‘कमाल मर्यादा लागू’ एवढंच लिहिलं, तर आपले बाराशे रुपये कुणीतरी कापून घेतले असं ग्राहकाला वाटत राहतं.

तिसरी एक गोष्ट ग्राहक विचारत नाही, पण तीच पुढच्या तक्रारीचं मूळ असते : पैसे नेमके कुठे येणार? बरेच जण बचत खात्याचं पासबुक पाहत बसतात. या ऑफरमध्ये रक्कम क्रेडिट कार्डच्या खात्यात जमा होते आणि स्टेटमेंटमध्ये जमेच्या बाजूला दिसते. त्याने ठरलेला मासिक हप्ता कमी होत नाही. शिवाय कॅशबॅक येणार म्हणून कुणी बिल कमी भरू नये. बऱ्याच बँका अशी जमा रक्कम किमान देय रक्कम भरल्यात धरत नाहीत, त्यामुळे उगाच विलंब शुल्क लागू शकतं.

आता उत्तर लिहायला घेऊ. लिहिण्याआधी बिल आणि कार्ड मशिनची स्लिप समोर ठेवा. स्लिपवर तारीख, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि हप्त्यांची मुदत पाहा. हप्त्यांचा उल्लेख नसेल, तर ग्राहकाने पूर्ण रक्कम भरली आणि हप्ते नंतर बँकेच्या ॲपवरून करून घेतले, अशी शक्यता असते. दुकानातच हप्त्यांवर घ्यायची अट असेल, तर अशी खरेदी त्यात बसत नाही. आपल्या गृहस्थांच्या स्लिपवर सगळं जुळतं असं धरू. मग उत्तर असं :

‘नमस्कार. फ्रिजच्या कॅशबॅकबद्दलचा तुमचा मेसेज मिळाला. तुमचं बिल आणि कार्डाची स्लिप आम्ही तपासली.

आमच्याकडच्या कागदांनुसार तुमची खरेदी ऑफरच्या अटींत बसते. तुम्हाला २,००० रुपये कॅशबॅक मिळायला हवा आणि बँकेने तो २९ जानेवारी २०२६ पर्यंत जमा करायचा आहे. ९० दिवसांची मुदत खरेदीच्या नव्हे, तर ऑफर संपल्याच्या तारखेपासून, म्हणजे ३१ ऑक्टोबरपासून मोजली जाते. परत केलेले व्यवहार वगळून बँक सगळ्यांची रक्कम नंतर जमा करते, म्हणून हा वेळ लागतो.

रक्कम अशी काढली आहे : कार्डावर भरलेले २३,०००, त्याचे १० टक्के २,३००. एका कार्डाला जास्तीत जास्त २,००० मिळतात, म्हणून २,०००. एक्स्चेंज आणि यूपीआयच्या रकमेवर ही ऑफर नव्हती.

रक्कम क्रेडिट कार्डच्या खात्यात येईल. ती हप्त्यातून वजा होणार नाही, त्यामुळे कार्डाचं बिल नेहमीप्रमाणे भरा. ३० जानेवारीला कार्डाच्या ॲपमध्ये रक्कम दिसली नाही, तर आम्हाला याच क्रमांकावर कळवा. स्लिपची प्रत आम्ही त्याच दिवशी देऊ. ती घेऊन कार्डामागच्या क्रमांकावर बँकेकडे तक्रार नोंदवा. कॅशबॅकसाठी आम्ही कधीही ओटीपी, पिन किंवा पूर्ण कार्ड क्रमांक मागत नाही.’

या मजकुरात पहिल्यांदा निकाल आहे, मग कारण, मग हिशोब आणि शेवटी पुढे काय करायचं ते. माफी नाही, कारण अजून मुदत चुकलेली नाही. मुदत उलटल्यावरही रक्कम आली नसेल, तेव्हा माफी जरूर मागावी. शेवटच्या वाक्याचंही कारण आहे. कॅशबॅकच्या नावाखाली लिंक पाठवून लुबाडणारे फोन बरेच येतात आणि रखडलेल्या पैशांची वाट पाहणारा माणूस त्यांना लवकर फसतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे ज्येष्ठ ग्राहकांना तोंडीही सांगावं.

‘आमच्याकडच्या कागदांनुसार’ हे शब्द मात्र काढू नका. ग्राहकाचं कार्ड खातं दुकानाला दिसत नाही. त्याच कार्डावर त्याने त्याच ऑफरमध्ये दुसऱ्या दुकानातून टीव्ही घेतला असेल आणि २,००० ची मर्यादा तिथेच संपली असेल, तर ते फक्त बँकेला ठाऊक. जेवढं तुम्हाला दिसतं तेवढ्याचीच खात्री द्यावी.

आणि ग्राहक खरोखरच अटींत बसत नसेल तर? समजा, या गृहस्थांनी यूपीआयने ५,००० ऐवजी १०,००० दिले असते. कार्डावर १८,००० पडले असते आणि २०,००० ची अट हुकली असती. अशा वेळी ‘प्रतीक्षा करावी’ असं लिहिणं सर्वांत वाईट, कारण न येणाऱ्या पैशांची तो महिनाभर वाट पाहतो. पहिल्याच ओळीत लिहा : ‘या खरेदीवर कॅशबॅक मिळणार नाही. ऑफरसाठी कार्डावर किमान २०,००० रुपये भरायचे होते, तुमच्या स्लिपवर १८,००० आहेत.’ सोबत स्लिपचा फोटो जोडा. त्याला हे मान्य नसेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करता येते, हेही सांगा. तिथे ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

फक्त एक गोष्ट त्याआधी तपासा. रक्कम अशी विभागून भरायला तुमच्याच विक्रेत्याने सुचवलं होतं का? तसं असेल, तर ग्राहकाने तुमच्या शब्दावर विसंबून व्यवहार केला आहे. तिथे अटींचा कागद पुढे करणं बरोबर नाही, नुकसान कसं भरून द्यायचं हे मालकांनी ठरवावं.

शेवटी, हे मेसेज कमी करायचे असतील, तर पुढच्या ऑफरच्या वेळी दुकानातल्या फलकापासून सुरुवात करा. ‘१० टक्के कॅशबॅक’ मोठ्या मराठी अक्षरांत आणि अटी तळाशी बारीक इंग्रजीत, असं करू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत खुलासा असावा, असं ती सांगतात. ‘कार्डावर किमान २०,०००, कमाल कॅशबॅक २,०००, २९ जानेवारीपर्यंत कार्डाच्या खात्यात’ एवढी एक ओळ फलकावर आणि बिलाच्या मागे छापली, तर जानेवारीत तुम्हाला जे लिहावं लागतं त्यातलं बरंच ऑक्टोबरातच सांगून झालेलं असेल.