ग्राहकांच्या यादीतून जाहिरात

करजणच्या एका बियाणे-विक्रेत्याने ग्राहकांच्या संमतीने ४०० दूरध्वनी क्रमांक जमविले आहेत, असे समजा. ही यादी फेसबुकला देताना प्रत्येक क्रमांकाचे ६४ चिन्हांच्या सांकेतिक खुणेत रूपांतर होते. फेसबुकजवळील खुणेशी ती जुळली, तरच तो ग्राहक ओळखला जातो. एक अंक बदलला तरी सारी खूण पालटते. म्हणून वहीतील क्रमांकाआरंभीचे शून्य काढून तेथे ९१ लिहावे.

निदान १०० जण जुळले, म्हणजे त्यांच्यासारखे नवे लोक निवडता येतात. मात्र ही निवड साऱ्या भारतातून होते. यास्तव करजण परिसराची मर्यादा घालावी. एरव्ही ज्यांना दुकानी येणे अशक्य, अशांवरच पैसा खर्ची पडेल.