प्रवासाला निघण्याआधी ऑटो-रिप्लायचे कानमंत्र

पोरी, जीएसटीची प्रॅक्टिस सांभाळून तीन आठवडे परदेशी निघालीस, फार बरं केलंस. पण ३ ते २३ नोव्हेंबर म्हणजे ११ तारखेचा जीएसटीआर-१ आणि २० तारखेचा जीएसटीआर-३बी, दोन्ही तू नसताना येणार. तेव्हा बॅग भरायच्या आधी हे ऐक.

१. २३ ला पोचत असलीस तरी मेलमध्ये "२५ नोव्हेंबरपासून उत्तर देईन" असंच लिही – साठलेले मेल वाचायलाच एक दिवस जातो.

२. "अधूनमधून मेल पाहते" असं मुळीच लिहू नकोस – क्लायंट त्यातलं "पाहते" एवढंच वाचतो, तुझीच वाट बघत बसतो आणि दुसऱ्याला फोन करत नाही.

३. तातडीचं म्हणजे काय, ते तूच ठरवून दे – नाहीतर बिलातली स्पेलिंगची चूकही तातडीची होते, आणि खरी नोटीस मात्र "ताई आल्यावर बघू" म्हणून पडून राहते. नोंदणी रद्द करण्याच्या REG-17 नोटिशीला सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ती तुझ्या परतीची वाट बघणार नाही. मजकूर साधारण असा ठेव:

"नमस्कार. मी ३ ते २४ नोव्हेंबर कामावर नाही, २५ पासून उत्तर देईन. जीएसटी विभागाची नोटीस आली असेल किंवा ११ वा २० तारखेच्या रिटर्नमध्ये अडचण असेल, तर माझ्या सहकारी (पूर्ण नाव, मोबाइल, ईमेल) यांना सकाळी १० ते संध्याकाळी ६ मध्ये फोन करा आणि आपला जीएसटी क्रमांक सांगा. बाकीच्या कामासाठी पुन्हा मेल करायची गरज नाही, मी आल्यावर बघेन."

जीएसटी क्रमांक सांगायला लावलास की तुझ्या सहकारिणीला फाईल लगेच सापडते. शेवटचं वाक्यही गाळू नकोस, त्यानेच निम्मे फोन वाचतात.

४. नाव देण्याआधी त्या बाईला नीट विचार, आणि सगळ्या क्लायंटची यादी, कोणाचं रिटर्न कुठवर आलंय आणि जादा कामाचे पैसे कोण देणार, हे लिहून दे – ज्याचा फोन वाजतो त्याच्या हातात फाईल हवी. ओटीपीचाही विचार कर. नोंदणीत क्लायंटऐवजी तुझाच मोबाइल दिला असेल, तर रिटर्न भरायच्या वेळी ओटीपी तुझ्याकडे परदेशात येणार. तो नंबर आत्ताच बदलून घे, नाहीतर रोमिंग चालू ठेव. कोणाचं डिजिटल सहीचं टोकन तुझ्या ड्रॉवरमध्ये असेल, तर ज्याचं त्याला परत दे.

५. सगळ्यात महत्त्वाचं ऐक: ऑटो-रिप्लाय माणसांसाठी असतो, पोर्टलसाठी नाही – रजेची पाटी यंत्र वाचत नाही. पुष्कळ छोट्या क्लायंटच्या नोंदणीत ईमेल तुझाच आहे ना? मग नोटीस आल्याचा मेल तुझ्याच इनबॉक्समध्ये पडेल, आणि क्लायंटला त्याचा पत्ताही नसेल. जीमेलमध्ये पोर्टलकडून येणाऱ्या मेलसाठी फिल्टर लाव आणि ते सहकारिणीकडे फॉरवर्ड कर. तिच्या पत्त्यावर आधी खातरजमेचा मेल जातो. तिने तो मान्य केल्याशिवाय फॉरवर्डिंग चालू होत नाही, म्हणून हे दोन-तीन दिवस आधीच उरक. शिवाय तिला दर सोमवारी आणि गुरुवारी प्रत्येकाच्या पोर्टलवरच्या नोटिसा उघडून बघायला सांग – मेल स्पॅममध्ये गेला तरी पोर्टलवर नोटीस दिसतेच.

६. जीमेलचा Vacation responder एकाच माणसाला चार दिवसांतून एकदाच उत्तर देतो – सोमवारी ज्याने सहज मेल केला, त्याला मंगळवारच्या घाबऱ्या मेलवर काहीच मिळत नाही. म्हणून नाव आणि नंबर पहिल्याच उत्तरात पूर्ण हवा, "कळवते" नको.

७. फक्त ओळखीच्यांनाच उत्तर जाईल असा पर्याय तिथे आहे, तो लावू नकोस – नोटीस घेऊन धावत येणारा नवा क्लायंट तुझ्या यादीत नसतो. पण उत्तर अनोळखी लोकांनाही जाणार, म्हणून कुठे गेलीस आणि घरी कोण आहे, यातलं काही लिहू नकोस.

८. आदल्या दिवशी रिप्लाय चालू करून दुसऱ्या पत्त्यावरून स्वतःला मेल कर, आणि आलेल्या उत्तरात छापलेला नंबर मोबाइलवर दाबून खरोखर लावून बघ – एक आकडा चुकला तर तीन आठवडे तुझे क्लायंट भलत्याच कोणालातरी नोटिसा वाचून दाखवतील. शेवटची तारीख २४ टाकली आहेस ना, तेही तेव्हाच बघून घे.