पोस्टरवर इंग्रजीच्या जागी मोठी मराठी ओळ टाकली, आता ओळी नीट कशा बसवायच्या?

व्हिडिओत आपण कॅनव्हामधलं एक तयार दिवाळी पोस्टर घेतलं होतं. वर मध्यभागी मोठ्या अक्षरांत `DIWALI SALE`, खाली चकलीचा फोटो, त्याखाली दर आणि फोन नंबर. आपण ती एकच ओळ खोडली आणि लिहिलं, "घरगुती दिवाळी फराळाच्या ऑर्डर सुरू". बाकी कशालाही हात लावला नाही, तरी पोस्टर विस्कटलं. ते का, आणि कोणत्या क्रमाने सावरायचं, ते इथे सविस्तर देतोय.

इंग्रजी मोठ्या लिपीत अक्षराच्या वर-खाली काही नसतं. म्हणून अशा टेम्प्लेटमध्ये ओळींमधलं अंतर अगदी घट्ट ठेवलेलं असतं, आपल्या पोस्टरमध्ये ते ०.९ होतं. मराठीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. त्यांना जागा लागतेच.

सगळ्यात आधी ओळ कुठे तोडायची ते ठरवा. मजकूर चौकटीत मावला नाही की अ‍ॅप जिथे जागा संपेल तिथे तोडतं, अर्थ बघत नाही. आपल्याकडे "सुरू" हा शब्द एकटाच खाली लोंबत होता. वाचून बघा, श्वास कुठे थांबतो? "घरगुती", मग "दिवाळी फराळाच्या", मग "ऑर्डर सुरू". तीन ओळी. "दिवाळी" आणि "फराळ" वेगळे करू नका, ती जोडी आहे.

आता आकार. चौकटीचा कोपरा ओढला तर अक्षरं लहान-मोठी होतात. बाजूची कडा ओढली तर फक्त रुंदी बदलते. आधी आकार १२० वरून ७२ वर आणला, मग "दिवाळी फराळाच्या" एका ओळीत मावेल इतकी रुंदी केली, आणि एंटर शेवटी मारला. एंटर आधी मारून नंतर रुंदी बदलत बसलात तर ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात. एंटरच्या आधी राहिलेली मोकळी स्पेसही काढून टाका, नाहीतर मध्यभागी ठेवलेली ओळ किंचित डावीकडे सरकलेली दिसू शकते.

मग `Spacing` उघडा. `Letter spacing` शून्यावर आणा. टेम्प्लेटमध्ये ते वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. `Line spacing` १.२ पासून सुरू करा आणि सगळ्यात अडचणीची जोडी शोधा. इथे पहिल्या ओळीतल्या "गु"चा उकार खाली येतो आणि दुसऱ्या ओळीतल्या "दि", "ळी" यांच्या वेलांट्या वर जातात, त्यामुळे मधली पट्टी भरून जाते. दुसऱ्या ओळीच्या खाली मात्र एकही उकार नाही, म्हणून आकडा तोच असूनही तिथलं अंतर जास्त वाटतं. हे मराठीत चालायचंच. आकडा नेहमी अडचणीच्या जोडीवरून ठरवा. आपण १.२५ वर थांबलो.

आता जागेचा हिशेब. आधी एक ओळ होती, १२० गुणिले ०.९ म्हणजे १०८. आता तीन ओळी, ७२ गुणिले १.२५ गुणिले ३ म्हणजे २७०. साधारण दीडपट जागा जास्त लागते, आणि चौकट खालच्या दिशेने वाढत असल्यामुळे ती थेट फोटोवर चढते. ही जागा अक्षरं बारीक करून काढू नका. फोटो थोडा लहान करा. दर आणि नंबर एकत्र निवडून एकदमच खाली सरकवा, म्हणजे त्यांच्यातलं आपसातलं अंतर बिघडत नाही. मथळ्याच्या शेवटच्या ओळीखालची मोकळी जागा त्याच्या ओळींमधल्या जागेपेक्षा ठळकपणे जास्त हवी, नाहीतर फोटो मथळ्याला चिकटलेला वाटतो.

अलाइनमेंटमध्ये बरेचजण एक गोष्ट विसरतात. मजकूर चौकटीच्या मध्यभागी असणं वेगळं आणि चौकट पानाच्या मध्यभागी असणं वेगळं. आपण उजवी कडा ओढून रुंदी वाढवली, म्हणजे चौकटीचा मध्य उजवीकडे गेला. मजकूर "सेंटर"च दाखवतोय, पण पोस्टर तिरकं वाटतंय. `Position` मध्ये जाऊन चौकट पुन्हा मध्यावर आणा.

खाली दरांची लांब यादी डावीकडून सुरू होत असेल तर मथळाही डावीकडे घेतलेला मला जास्त आवडतो. पण तसं केलंत तर ओळींमधलं अंतर पुन्हा तपासा, कारण "घरगुती"मधला "गु" आता जवळजवळ "ळी"च्या डोक्यावर येतो आणि १.२५ कमी पडू शकतं. ओळी दोन्ही कडांना ताणून बसवणारा पर्याय इथे नकोच. दोन शब्दांच्या ओळीत मध्ये मोठं भगदाड पडू शकतं.

झालं की पोस्टर डाउनलोड करून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि न उघडता, चॅटमधल्या लहान आकारातच बघा. उकार आणि वेलांटी मिळून एक काळा ठिपका दिसत असेल तर अंतर आणखी ०.०५ ने वाढवा.