हुशार मुलाच्या घरी चिठ्ठी लिहिताना

माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा वजाबाकीची पहिली चार गणिते झटपट सोडवायचा, पुढच्यांत हातचा विसरायचा आणि मग शेजाऱ्याची पेन्सिल पळवायचा. त्याच्या जुन्या वहीत आधीच्या बाईंचा शेरा होता : 'काम लवकर संपवतो, मग मस्ती करतो. लक्ष द्यावे.' वडिलांनी ती तक्रार समजून घरी रोज पन्नास वजाबाक्या लावल्या होत्या. ज्याचा कंटाळा, तेच पाचपट!

म्हणून चिठ्ठीआधी खात्री करून घ्यावी. मी त्याला धड्यातली सर्वांत अवघड पाच गणिते आधी दिली, 7000 − 2468 सारखी, शून्यांवरून हातचा आणायला लावणारी. तिथे अडखळला असता, तर प्रश्न कंटाळ्याचा नसून कच्चेपणाचा ठरला असता. पाचही बरोबर आली. मग लिहिले :

'चार अंकी वजाबाकी त्याला पक्की येते, हे मी तपासले आहे. यापुढे अवघड पाच गणिते सुटली की उरलेल्यांऐवजी तो त्याच तासाला एक शोधाचे काम करील. हा जादा अभ्यास नाही आणि त्याला गुणही नाहीत. घरी सराव वाढवू नका, उत्तर सांगू नका. शनिवारी वही पाहा आणि काय सापडले ते त्याच्याकडून ऐका.'

'ऐवजी' हा शब्द मी अधोरेखित केला होता. तरी आईने विचारलेच, "बाई, मग शिष्यवृत्तीचा क्लास लावू का?" तो वेगळा विषय, म्हटले.

शोधाचे काम देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचे. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तराचे, ते तीन अंकी आले तर पुढे शून्य लावून, पुन्हा तेच करा. 3524 घेतली तर 5432 − 2345 = 3087, मग 8730 − 0378 = 8352, मग 8532 − 2358 = 6174. त्यापुढे 6174च येत राहते. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता. एखादा तिथे पोहोचलाच नाही, तर कुठेतरी हातचा चुकला आहे आणि तो त्याचा त्यालाच शोधावा लागतो. सराव धड्यातलाच होतो, पण शेरा मारायला बाई लागत नाहीत.

पुढे तो स्वतःहून दोन अंकांकडे वळला. 52 वरून 27, 45, 9, मग 90 − 09 म्हणजे 81, 63 आणि परत 27. "बाई, हे थांबतच नाही!" का थांबत नाही, हे मी सांगितले नाही.

"त्यालाच का?" असे इतर मुले विचारणारच. अवघड पाच गणिते ज्याला सुटतील, त्याला हे काम खुले ठेवावे. आणि दोन-तीन आठवड्यांनीही मूल त्या वहीला हात लावत नसेल, तर पालकांना पुन्हा बोलवावे. तेव्हा गणित बाजूला ठेवून झोप, नजर आणि घरचे वातावरण विचारावे.