निरोपातला 'सोमवारी' कुणाचा?

मैत्रिणींनो, मागच्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट सांगते. ग्रामसंघाचं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. गुरुवारी सकाळी मी आमच्या सीआरपी ताईंना मोबाईलवर निरोप टाकला:

'सोमवारी हप्ता न भरलेल्या सभासदांची यादी द्या.'

माझ्या मनात असं होतं की येत्या सोमवारी यादी द्यावी, म्हणजे मंगळवारच्या प्रभागसंघाच्या बैठकीला ती नेता येईल आणि तोवर ज्यांचे हप्ते यायचे ते येतील. ताईंनी निरोप वाचला तो असा: मागच्या सोमवारी, म्हणजे बैठकीच्या दिवशी, ज्यांनी हप्ता भरला नाही त्यांची यादी द्या. बैठकीचं रजिस्टर त्यांच्या हाताशीच होतं. त्यांनी सात नावं उतरवून त्याच संध्याकाळी कागद पाठवला. यादी हातात आली, म्हणून मीही पुन्हा काही विचारलं नाही.

त्या सातपैकी पाच जणी लग्नाला गेल्या होत्या. परत आल्यावर मंगळवार-बुधवारीच त्यांनी हप्ते भरले होते, पावत्याही घेतल्या होत्या. तरी नावं थकबाकीच्या यादीत गेली. पाचातल्या एकीचा खतासाठी कर्जाचा अर्ज होता, तो 'थकबाकी आहे' म्हणून पुढच्या महिन्यावर गेला. पेरणी काही पुढच्या महिन्यावर जात नाही. तिला दुकानातून उधारीवर खत घ्यावं लागलं, तेही चढ्या भावानं.

सीआरपी ताईंची यात काही चूक नव्हती. चूक माझ्या वाक्यात होती, आणि ती नेमकी कुठे होती ते बघा.

आपल्या मराठीत काम सांगणारा शब्द बहुतेक वेळा शेवटी येतो: द्या, आणा, ठेवा. पण वाटेत आणखी एखादं काम लपलेलं असतं. माझ्या वाक्यात दोन कामं आहेत, एक 'भरणे' आणि एक 'देणे'. 'सोमवारी' हा शब्द मी सगळ्यात आधी लिहिला. वाचणारी बाई वाक्य डावीकडून वाचत येते, आणि 'सोमवारी'च्या पुढे तिला जे काम पहिलं भेटतं त्याला ती तो शब्द चिकटवते. पहिलं भेटलं 'न भरलेल्या'. 'द्या' तर पार शेवटी उभं आहे.

तोंडी सांगितलं असतं तर असं झालं नसतं. मी 'सोमवारी' म्हणून थांबले असते, मग बाकीचं बोलले असते, आणि ताईंना कळलं असतं. लिहिताना ते थांबणं कागदावर उतरत नाही. स्वल्पविराम देता येतो, पण मोबाईलवर घाईत स्वल्पविराम कोण टाकतं, आणि टाकला तरी बारीक अक्षरात कुणाला दिसतो? त्यापेक्षा शब्दाची जागाच बदलावी:

'हप्ता न भरलेल्या सभासदांची यादी सोमवारी द्या.'

आता 'सोमवारी' हा 'द्या'च्या शेजारी आहे. आणि मला खरंच दुसरा अर्थ हवा असता, तर 'ज्या-त्या' वापरून वाक्य उलगडायचं: 'ज्यांनी सोमवारी हप्ता भरला नाही, त्यांची यादी द्या.' वाक्य लांब होतं, होऊ द्या.

निरोप पाठवण्याआधी मी आता एकच करते. वाक्यात जितकी कामं असतील तितक्यांदा प्रश्न विचारते. कधी भरला नाही? कधी द्यायची? दोन्ही प्रश्नांना 'सोमवारी' हेच उत्तर येत असेल, तर शब्द चुकीच्या जागी आहे.

प्रत्येक वाक्यात अडचण असते असं नाही. 'उद्या वाळलेल्या मिरच्या दळायला द्या' यात कुणी गोंधळणार नाही, कारण मिरच्या वाळून झाल्यात आणि उद्या अजून यायचाय. पण तिथेच 'आज वाळलेल्या मिरच्या दळायला द्या' असं लिहा. आजच वाळलेल्या तेवढ्याच द्यायच्या, की वाळलेल्या सगळ्या आज द्यायच्या? गिरणीवर गेलेल्या बाईनं काय समजायचं?

दुसरी खोड आपल्याला सरकारी कागद वाचून वाचून लागली आहे. एका गटाच्या वहीत मी हे वाक्य पाहिलं: 'रक्कम मोजून पेटी कुलूपबंद राहील.' मी विचारलं, रक्कम कोण मोजणार, पेटी? सगळ्या हसल्या. पण त्या गटात तीन बैठका रक्कम कुणीच मोजली नव्हती. कोषाध्यक्षांना वाटलं सचिव मोजतात, सचिवांना वाटलं कोषाध्यक्ष.

'मोजून', 'भरून', 'जाऊन' असा शब्द लिहिला की ते काम करणारी आणि वाक्याच्या शेवटचं काम करणारी एकच असावी लागते. 'कोषाध्यक्षांनी रक्कम मोजून पेटीला कुलूप लावावे' हे बरोबर, दोन्ही कामं कोषाध्यक्षांची. 'पेटी कुलूपबंद राहील' म्हटलं की शेवटी पेटीच उरते आणि 'मोजून' हा शब्द मालकिणीशिवाय लोंबकळतो. 'कुलूप लावण्यात यावे' लिहूनही काम भागत नाही, तिथेही बाई गायबच आहे.

'आल्यावर', 'झाल्यावर' यांचं थोडं वेगळं आहे. तिथे दोन कामं दोघींची असू शकतात. म्हणून तर 'बँकेतून आल्यावर कोषाध्यक्षांना पावती दाखवा' हा निरोप फसवा आहे. बँकेतून कोण येणार, निरोप वाचणारी की कोषाध्यक्ष? एक शब्द वाढवा: 'तुम्ही बँकेतून आल्यावर' किंवा 'कोषाध्यक्ष बँकेतून आल्यावर त्यांना'.

'फक्त' या शब्दाचीही जागा सांभाळा. 'फक्त सचिवांनी पासबुक आणावे' म्हणजे इतर कुणी आणू नये. 'सचिवांनी फक्त पासबुक आणावे' म्हणजे सचिवांनी ठरावाची वही घरीच ठेवावी. बँकेत गेल्यावर ठरावाची वही मागितली, तर एस.टी.चं भाडं दोनदा.

आणि एक, जे माझ्या स्वतःच्या फार उशिरा लक्षात आलं. 'जुन्या गटांच्या वह्या आणा' असं लिहिलं तर गट जुने की वह्या जुन्या? एकच वही असती तर मराठीनंच आपल्याला सांभाळलं असतं: 'जुनी' म्हटलं की वही, 'जुन्या' म्हटलं की गट. अनेक वह्या झाल्या की दोन्हीकडे 'जुन्या'च येतं. मग शब्द ज्याचा त्याच्या शेजारी बसवायचा: 'गटांच्या जुन्या वह्या आणा.' गटच जुने म्हणायचे असतील, तर गटांची नावंच लिहा.

पुढच्या बैठकीत हा निरोप फळ्यावर लिहा. आमच्या उत्पादक गटात तो खरोखर आला होता:

'आज तयार झालेल्या कुरडयांच्या पिशव्या गाडीत ठेवा.'

आज काय, तयार होणं की ठेवणं? तयार काय झालं, कुरडया की पिशव्या? याचे चार अर्थ निघतात. चारही अर्थ वेगवेगळ्या वाक्यांत लिहून बघा, आणि प्रत्येक वाक्य अशा मैत्रिणीला वाचायला द्या जिला तुमच्या मनातलं ठाऊक नाही.