‘4 + 4 = 8’ हे गणित कुठे चुकते?

शाळेच्या वाचनकक्षासाठी वीस टॅब घ्यायचे ठरले, तेव्हा दरपत्रकांची छाननी करण्याचे काम आम्हा संगणक विषयाच्या शिक्षकांकडे आले. शेवटी दोन दरपत्रके उरली. एकात लिहिले होते ‘रॅम 8 जीबी’, दुसऱ्यात ‘रॅम 6 जीबी’. गंमत अशी, की 8 जीबीचा टॅब नगामागे 700 रुपयांनी स्वस्त होता. वीस नगांचे 14,000 रुपये वाचत होते आणि वर रॅमही जास्त मिळत होती. तुलनातक्ता पाहून कोणीही पहिल्या दरपत्रकावरच बोट ठेवले असते. आम्हीही ठेवणार होतो, पण 8 च्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती आणि पानाच्या तळाशी तिचा खुलासा होता : ‘4 जीबी + 4 जीबी मेमरी विस्तारासह’.

दसरा-दिवाळीच्या जाहिरातींत पालकांना असेच आकडे रोज दिसतात. कोणी त्याला ‘मेमरी एक्स्टेन्शन’ म्हणते, कोणी ‘व्हर्च्युअल रॅम’, ‘एक्स्टेंडेड रॅम’ किंवा ‘रॅम प्लस’. नावे वेगळी असली तरी मागची गोष्ट एकच आहे. ती नीट समजून घेऊ या.

रॅम आणि साठवण

फोनमध्ये माहिती ठेवायच्या जागा दोन. रॅम म्हणजे या क्षणी चाललेल्या कामाची जागा. फोन बंद केला की ती रिकामी होते. साठवण, म्हणजे स्टोरेज, ही कायमची जागा. फोटो, ॲप, पुस्तके तिथे राहतात. स्वयंपाकघरात जसा ओटा आणि माळा, तसेच हे. भाजी चिरायची, पोळ्या लाटायच्या त्या ओट्यावर. माळ्यावर पुष्कळ सामान मावते, पण तिथले पातेले हवे असेल तर शिडी लावावी लागते.

ही शिडी किती उंच आहे? रॅममधून माहितीचा एक तुकडा उचलायला प्रोसेसरला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात. साठवणीतील फ्लॅश मेमरीतून तसा तुकडा आणायला साधारण 100 मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे हजार पट वेळ. ओट्यावरची वस्तू उचलायला एक सेकंद लागतो असे मानले, तर माळ्यावरची वस्तू हाती यायला जवळजवळ सतरा मिनिटे लागतील.

आता ‘मेमरी विस्तार’ म्हणजे काय, तर साठवणीतला 4 जीबीचा भाग राखून ठेवायचा आणि रॅममधील जी माहिती बराच वेळ कोणी वापरलेली नाही ती तिथे नेऊन ठेवायची. माळ्यावर एक फळी मोकळी केली, असे म्हणा. सोय झाली हे खरे, पण त्याने ओटा वाढला असे कोणी म्हणत नाही. 4 जीबी रॅम आणि 4 जीबी साठवण यांची बेरीज करून 8 लिहिणे म्हणजे चार फूट ओटा आणि चार फूट माळा मिळून आठ फूट ओटा सांगणे होय.

कल्पना जुनी आणि चांगली

विद्यार्थी मित्रहो, या तंत्रातच काही खोट आहे असे समजू नका. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘ॲटलस’ संगणकात 1962 सालीच ही युक्ती वापरली गेली. त्याची जलद मेमरी 16 हजार शब्दांची होती आणि फिरत्या चुंबकी ड्रमवरची जागा 96 हजार शब्दांची. कोणती माहिती कुठे आहे हे संगणक स्वतः सांभाळत असे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला सगळी मिळून एकच सलग जागा दिसत असे. आज घरोघरीच्या संगणकातही हे तंत्र असते.

अँड्रॉइड फोन तर याआधी आणखी एक काम करतो. पडून असलेली माहिती तो रॅममध्येच दाबून, घडी घालून ठेवतो. या सोयीला झेडरॅम म्हणतात. कपड्यांच्या घड्या घातल्या की कपाटात जास्त मावतात, तसेच हे. ही सोय बहुतेक अँड्रॉइड फोनांत मुळातच असते. विस्तार चालू केला की घडी घातलेल्या माहितीपैकी काही भाग पुढे साठवणीत जातो, एवढेच. तेव्हा आक्षेप तंत्राला नाही, डब्यावरच्या बेरजेला आहे.

आम्ही केलेली पडताळणी

दोन्ही दुकानदारांकडून आम्ही एकेक नमुना मागवला. टॅबच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अबाउट’ या पानावर पहिल्या नमुन्याने 4 + 4 असे लिहिले होते. पण हे पान कंपनी आपल्या पसंतीने सजवू शकते, म्हणून आम्ही थेट अँड्रॉइडच्या गाभ्यालाच विचारायचे ठरवले. ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवले की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ चालू केले, टॅब तारेने संगणकाला जोडला आणि एडीबी हे मोफत साधन असलेल्या संगणकावर ही आज्ञा दिली :

```
adb shell cat /proc/meminfo
```

उत्तरात बऱ्याच ओळी येतात, पण आपल्या कामाच्या दोनच. `MemTotal` ही खरी रॅम आणि `SwapTotal` ही घडीची व माळ्याची जागा. 4 जीबी म्हणजे 41,94,304 केबी. आमच्या नमुन्यात `MemTotal` सुमारे 38 लाख केबी निघाली. थोडी कमी असणारच, कारण चालू होतानाच यंत्रणा आपल्यासाठी काही रॅम बाजूला काढते. मात्र खरी 8 जीबी असती तर हा आकडा 80 लाखांच्या आसपास दिसायला हवा होता. विस्तार बंद करून, टॅब पुन्हा सुरू करून पाहिले, तरी `MemTotal` तेवढीच राहिली. कमी झाली ती फक्त `SwapTotal`. ती शून्य झाली नाही, कारण घडीची जागा शिल्लक होती. दुसऱ्या नमुन्यात `MemTotal` 56 लाखांच्या वर होती, म्हणजे 6 जीबी खरी होती.

मग प्रत्यक्ष कामाची चाचणी घेतली. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ चाळिसाव्या पानावर उघडून ठेवली. त्यानंतर ब्राउझरमध्ये चार पाने, एक व्हिडिओ पाठ आणि टिपणवही उघडली, आणि पुन्हा पुस्तकाकडे वळलो. 4 जीबीच्या टॅबवर विस्तार बंद असताना पुस्तक पहिल्या पानापासून नव्याने उघडले. जागा अपुरी पडल्याने अँड्रॉइडने ते मागच्या मागे बंद केले होते. विस्तार चालू असताना चाळिसावे पान जागेवर सापडले, पण पडदा क्षणभर थिजून मग हलला. 6 जीबीच्या टॅबवर तेच पान बोट लावताच समोर आले.

यातून विस्ताराचा खरा उपयोग कळतो. मागे ठेवलेले ॲप तो थोडा अधिक काळ जिवंत ठेवतो. एखादे जड ॲप सुरू असताना त्यालाच एकाच वेळी जास्त रॅम हवी असेल, तर मात्र विस्ताराची मदत फार होत नाही. तेव्हा माहिती सारखी खाली-वर करावी लागते आणि टॅब अडखळतो. जड खेळांबाबत हीच निराशा मुलांच्या पदरी येते.

याची किंमतही मोजावी लागते. आमच्या नमुन्याची साठवण 64 जीबी होती. त्यातील 4 जीबी विस्तारात गेली. शिवाय फ्लॅश मेमरीवर पुसून-पुसून लिहिण्याला मर्यादा असते. बहुतेक फोन काही वर्षांत बदलला जातो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण साठवण भरत आली की लिहिण्याचा वेग घटतो आणि मग विस्तार मदतीऐवजी अडचण होऊ शकतो. फोन कुरकुरू लागला, तर विस्तार बंद करून एकदा पाहावे.

दरपत्रक कसे मागावे

या प्रकरणात आम्हाला सर्वांत खटकले ते असे, की खरे लिहिणारा दुकानदार तक्त्यात मागे पडत होता. त्याचे 6 हे दुसऱ्याच्या 8 पुढे लहान दिसत होते. म्हणून आम्ही दरपत्रकाची भाषाच बदलली. आता मागणीपत्रात असे वाक्य आहे : ‘प्रत्यक्ष रॅम, कोणताही विस्तार वगळून, 6 जीबी, `MemTotal` किमान 52 लाख केबी, पडताळणी नमुन्यावर होईल.’ हे वाक्य गेल्यावर पहिल्या दुकानदाराने स्वतःच आपला आकडा 4 असा दुरुस्त करून पाठवला. मंडळाने 14,000 रुपये जास्त देऊन 6 जीबीचे टॅब घेतले.

पालकांनी दुकानात एवढे तरी करावे. ‘रॅम किती?’ असे न विचारता ‘विस्तार सोडून रॅम किती?’ असे विचारावे. डब्यावर ‘+’, चांदणी किंवा ‘पर्यंत’ दिसले तर पहिला आकडा तेवढा धरावा. उत्तर बिलावर लिहून घ्यावे. केंद्र सरकारने 2022 साली फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक नियम काढले. त्यांनुसार बारीक अक्षरातला खुलासा मुख्य दाव्याच्या विरुद्ध जाणारा नसावा आणि तो दाव्याच्याच भाषेत असावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

हीच नजर कॅमेऱ्याकडेही लावता येते. ‘50 मेगापिक्सेल’चे पुष्कळ कॅमेरे नेहमीच्या वापरात चार-चार बिंदूंचा एक बिंदू करतात आणि फोटो साडेबारा मेगापिक्सेलचा देतात. त्यात अंधारातला फोटो सुधारतो, म्हणजे युक्ती उपयोगीच आहे. पण आकडा कशाचा आहे, हे विचारल्याशिवाय दोन फोनांची तुलना करू नये.

स्वाध्याय

1. एका फोनच्या डब्यावर ‘रॅम 12 जीबीपर्यंत’ आणि बारीक अक्षरात ‘4 + 8’ असे आहे. साठवण 128 जीबी आहे. प्रत्यक्ष रॅम किती? पूर्ण विस्तार चालू केल्यास साठवणीतील किती जागा अडेल?
2. 6 जीबी म्हणजे किती केबी? (1 जीबी = 1024 × 1024 केबी)
3. घरातील एका फोनवर विस्तार बंद व चालू करून वरील पुस्तकाची चाचणी घ्या आणि काय फरक दिसला ते पाच ओळींत लिहा. फोन मोठ्या माणसांचा असेल तर आधी त्यांना विचारा.