पाहुण्यांचे स्वागत : दोन भाषांत

कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीत जर्मन ग्राहक येणार आहेत, असे समजू. स्वागताचे भाषण आधी मराठीत लिहावे. पण इंग्रजी मसुदा त्याचे शब्दशः भाषांतर नसावा. मराठीत आपण म्हणतो, ‘आपले पाय आमच्या कारखान्याला लागले, हे आमचे भाग्य.’ इंग्रजीत एवढेच पुरे : ‘वुई आर हॅपी टु हॅव यू विथ अस टुडे.’

खरी अडचण पुढे येते. ‘तुमचे काम झालेच म्हणून समजा’ हे मराठीत सौजन्य आहे. ऐकणारा तारीख धरून बसत नाही. त्याचे ‘कन्सिडर इट डन’ केले, तर पाहुणा ते वचन मानू शकतो आणि मुदत चुकली की तेच वाक्य पुढे करतो. म्हणून तेथे लिहावे : ‘वुई शॅल शो यू द पॅटर्न शॉप, द मोल्डिंग अँड द टेस्टिंग.’ दर व मुदत बैठकीसाठी ठेवावी.

ओतकामाजवळ जाण्यापूर्वी चष्मा व हेल्मेट घालण्याची सूचना मात्र दोन्ही भाषांत तंतोतंत सारखी हवी. तेथे अलंकार नको. दुभाषा असेल तर दर दोन वाक्यांनंतर थांबावे आणि भाषण निम्मेच लिहावे, कारण वेळ दुप्पट लागतो.